हातातल्या शेअरची राखण: कॉल विकावा की पुट घ्यावा?

१३ एप्रिल २०२३ च्या गुरुवारी दुपारी बाजार बंद झाला, तेव्हा इन्फोसिसचा शेअर १३८९ रुपयांच्या आसपास होता. संध्याकाळी कंपनीने मार्च तिमाहीचे निकाल जाहीर केले. आधीच्या तिमाहीपेक्षा उत्पन्न घटलं होतं आणि नव्या आर्थिक वर्षात ४ ते ७ टक्केच वाढ होईल, असा अंदाज कंपनीने दिला होता. बाजाराला याहून पुष्कळ अधिक अपेक्षित होतं. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती आणि पुढे शनिवार-रविवार. त्यामुळे ज्यांच्याकडे शेअर होते त्यांना तीन दिवस बातम्या वाचण्यापलीकडे काहीच करता येण्यासारखं नव्हतं. सोमवारी १७ तारखेला बाजार उघडताच शेअर कोसळला. दिवसभरात तो १२ टक्क्यांपर्यंत खाली गेला आणि नऊ टक्क्यांहून अधिक पडून १२५९ च्या जवळ बंद झाला. निफ्टी मात्र त्या दिवशी एक टक्कासुद्धा पडला नाही.

भाव पडला की शेअर आपोआप विकला जावा, म्हणून अनेक जण स्टॉप-लॉस लावून ठेवतात. तो अशा वेळी उपयोगी पडत नाही. समजा कुणी १३४० वर स्टॉप-लॉस लावला होता. पण सोमवारी १३४० हा भाव बाजारात आलाच नाही. बाजार उघडला तोच कितीतरी खाली. स्टॉप-लॉस ही फक्त सूचना असते: अमुक भाव आला की विक्रीला लाव. त्या भावाला कुणी गिऱ्हाईक मिळेल, अशी हमी तिच्यात नसते. मार्केट ऑर्डर असेल तर मिळेल त्या पडेल भावाला शेअर जातो, आणि लिमिट ऑर्डर असेल तर ती तशीच लटकून राहते. डेरिव्हेटिव्ह्जमध्ये असलेल्या शेअरना दहा-वीस टक्क्यांचं पक्कं लोअर सर्किटही नसतं. त्यांचा भावपट्टा गरजेप्रमाणे खाली सरकवला जातो.

भावाची हमी हवी असेल, तर ती कुणाकडून तरी विकत घ्यावी लागते. आणि आपण दुसऱ्याला हमी दिली, तर तिचे पैसे आपल्याला मिळतात. ऑप्शनचा सारा व्यवहार या दोन वाक्यांत येतो. मुंबईच्या बाजारात असले सौदे ‘तेजी-मंदी’ या नावाने फार पूर्वीपासून चालत. १९५६ च्या कायद्याने त्यांच्यावर बंदी आली, ती १९९५ मध्ये उठली आणि जुलै २००१ पासून एकेका कंपनीच्या शेअरवरचे ऑप्शन राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले. आज ऑप्शन म्हटलं की दर आठवड्याची सट्टेबाजी डोळ्यांसमोर येते, आणि ते चुकीचं नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, असं सेबीच्याच अभ्यासात आढळलं. त्या गर्दीशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. आपला प्रश्न वेगळा आहे: शेअर आधीपासून डीमॅटमध्ये आहेत, विकायचे नाहीत, पण धाकधूक आहे. अशा माणसापुढे दोन वाटा असतात. एक, त्या शेअरवर कॉल विकायचा. याला कव्हर्ड कॉल म्हणतात. दुसरी, त्या शेअरवर पुट विकत घ्यायचा. हा प्रोटेक्टिव्ह पुट.

दोन्हींची नावं बहुधा एका दमात घेतली जातात, ‘जोखीम कमी करण्याचे उपाय’ म्हणून. माझ्या मते इथेच घोटाळा होतो. दोन्ही उपायांनी जोखीम कमी होते हे खरं, पण दोघांनी कमी केलेली जोखीम एक नाही. हिशेब मांडला की हे दिसतं.

पुण्यातल्या एका कुटुंबाकडे इन्फोसिसचे ४०० शेअर आहेत असं धरू. ऑप्शनचा सौदा लॉटमध्येच होतो. लॉटचा आकार बाजार वेळोवेळी बदलतो. इथे तो ४०० धरला आहे, म्हणजे कुटुंबाची शिल्लक बरोबर एका लॉटएवढी. १३ एप्रिलला शेअर १३८९ ला आहे, महिन्याचे ऑप्शन २७ एप्रिलच्या गुरुवारी संपणार आहेत, म्हणजे दोन आठवडे बाकी. शेअरचे भाव त्या दिवसांतलेच आहेत. ऑप्शनचे प्रीमियम मात्र हिशेबापुरते धरलेले आहेत: निकालाच्या तोंडावर अशा शेअरचे प्रीमियम साधारण जेवढे असू शकतात, तेवढे.

पहिली वाट. कुटुंबाने १४४० चा कॉल २० रुपये प्रीमियमने विकला. जमीन अमुक किमतीला विकण्याचं कबूल करून इसार घ्यावा, तसा हा सौदा आहे. फक्त इथे व्यवहार पुरा करायचा की सोडून द्यायचा हे ठरवणं पूर्णपणे घेणाऱ्याच्या हातात असतं, आणि इसार कधीच परत द्यावा लागत नाही. २० गुणिले ४००, म्हणजे ८००० रुपये खात्यात आले. मोबदल्यात कुटुंबाने एक गोष्ट मान्य केली: २७ तारखेला शेअर १४४० च्या वर असेल, तर तो १४४० लाच द्यायचा, बाजारात भाव कितीही असो.

मुदतीला भाव १४४० च्या आत राहिला, तर ८००० रुपये कुटुंबाचे आणि शेअरही कुटुंबाचेच. महिन्यामागून महिने हेच करत राहिलं, तर शेअरवर घरबसल्या भाडं मिळतं, असं शिबिरांमधून सांगितलं जातं. ‘भाडं’ हा शब्द ऐकायला गोड आहे, पण घर भाड्याने दिलं म्हणून घराची किंमत वाढायची थांबत नाही. इथे ती थांबते. शेअर १५२० वर गेला, तर ज्याने काहीच केलं नाही त्याला शेअरमागे १३१ रुपये, म्हणजे ५२,४०० रुपयांचा फायदा. कॉल विकलेल्या कुटुंबाला १४४० पर्यंतचे ५१ रुपये आणि प्रीमियमचे २०, मिळून ७१ रुपये, म्हणजे २८,४००. उरलेले २४,००० कॉल घेणाऱ्याच्या खिशात गेले.

आणि शेअर पडला तर? १२५९ हाच भाव मुदतीपर्यंत राहिला असं समजू. ४०० शेअरवर ५२,००० रुपयांचा तोटा. कॉल विकलेला असेल, तर त्यातून ८००० वजा, म्हणजे ४४,०००. बस, एवढंच. कव्हर्ड कॉलने खड्ड्यात २० रुपयांची माती टाकली. खड्डा १३० रुपयांचा होता. शेअर १००० वर गेला असता तरी मदत २० रुपयांचीच झाली असती. म्हणून कव्हर्ड कॉलला ‘संरक्षण’ म्हणणं मला पटत नाही. वरच्या नफ्याचा एक भाग आज रोखीत विकून टाकणं, एवढाच त्याचा अर्थ. शेअर महिनाभर थोडा वर-खाली करत एका जागी रेंगाळेल, असं वाटत असेल, किंवा १४४० ला तो तसाही विकायचाच होता, तर हा सौदा शहाणपणाचा. मोठ्या पडझडीची भीती असेल, तर तो त्या भीतीचं उत्तर नव्हे.

दुसरी वाट. कुटुंबाने १३४० चा पुट २१ रुपयांना विकत घेतला, ८४०० रुपये मोजले. आता २७ तारखेला शेअर कितीही खाली असला, तरी १३४० ला विकण्याचा हक्क कुटुंबाचा. पुट विकणाऱ्याला तो घ्यावाच लागेल. शेअर १२५९ ला असेल, तर पुटची किंमत ८१ रुपये, ४०० शेअरचे ३२,४००. त्यातून दिलेले ८४०० वजा जाता २४,००० हाती राहतात. शेअरवरचा तोटा ५२,००० होता, तो २८,००० वर आला. आणि हा आकडा इथेच थांबतो. शेअर ११०० झाला, ९०० झाला, तरी तोटा २८,०००च: १३८९ ते १३४० हा अंगावर घेतलेला ४९ रुपयांचा उतार आणि २१ रुपयांचा प्रीमियम.

वरच्या बाजूला पुट काहीच अडवत नाही. शेअर १५२० झाला, तर ५२,४०० पैकी ८४०० गेले, ४४,००० राहिले. ज्याला खरंच राखण हवी त्याने पाहायचं ते हेच: तळाला मर्यादा आणि माथा मोकळा.

मग सगळे पुट का घेत नाहीत? किमतीमुळे. दोन आठवड्यांसाठी २१ रुपये म्हणजे शेअरच्या भावाच्या दीड टक्का. निकाल जवळ नसताना पुट स्वस्त असतो; पाच टक्के खालच्या स्ट्राइकचा महिनाभराचा पुट साधारण एक टक्क्याला पडला असं धरलं, तरी बारा महिने घेत राहिलं की १२ टक्के झाले. चांगल्या वर्षात शेअर जेवढं देईल, जवळजवळ तेवढं. दर महिन्याला न चुकता पुट घेणाऱ्याचा तळ कायम सुरक्षित असतो आणि पैसा वाढत नाही. म्हणून पुट घ्यायचा तो ठरावीक काळासाठी आणि ठरावीक भीतीसाठी: निकाल, न्यायालयाचा निर्णय, निवडणुकीची मतमोजणी, किंवा मुलीच्या शिक्षणासाठी दोन महिन्यांनी हेच शेअर मोडायचे आहेत आणि तोवर भाव टिकायला हवा.

पण भीतीची तारीख आपल्यासारखीच बाजारालाही ठाऊक असते. निकाल जसजसे जवळ येतात, तसतसे पुट आणि कॉल दोन्ही महागतात, कारण मोठ्या हालचालीची शक्यता प्रीमियममध्ये आधीच धरली जाते. ऑप्शनच्या तक्त्यात ‘आयव्ही’ नावाचा रकाना असतो, तो हीच शक्यता टक्क्यांत दाखवतो. शेअरचा भाव जागचा हललेला नाही आणि आयव्ही मात्र २४ वरून ३८ वर गेली, तर तोच पुट मागच्या आठवड्यापेक्षा बराच महाग मिळतोय, असं समजावं. निकाल लागला आणि काहीच विशेष घडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी आयव्ही धाडकन उतरते. शेअर १३८९ लाच असतो आणि २१ चा पुट निम्म्याहून खाली आलेला असतो. पहिल्यांदा पुट घेणारे इथे गोंधळतात. भाव पडला नाही म्हणून पुट थोडा उतरेल हे त्यांना कळतं, पण एका रात्रीत एवढा? विकत घेतली होती ती भीती. ती संपली, तशी तिची किंमतही संपली. निकालाची तारीख महिनाभर आधी कळलेली असेल, तर दोन-तीन आठवडे आधी घेतलेला पुट कधी कधी स्वस्त पडतो. पण तेव्हा जास्त दिवसांचे पैसे मोजावे लागतात, हेही आलंच.

खर्च कमी करण्याची तिसरी युक्ती वरच्या दोन्हींना जोडूनच होते. १४४० चा कॉल विकून आलेल्या ८००० मधून १३४० चा पुट घ्यायचा. पदरचे गेले फक्त ४००. याला कॉलर म्हणतात. मुदतीपर्यंत कुटुंबाचा तोटा २०,००० च्या पलीकडे जाणार नाही आणि नफा ५१ रुपयांतून एक रुपया वजा, म्हणजे ५० रुपयांनी २०,००० च्या पलीकडे जाणार नाही. दोन्ही टोकं बांधली गेली. ज्या कुटुंबाची अर्धी पुंजी एकाच कंपनीत अडकली आहे (आयटीतल्या नोकरदारांकडे वर्षानुवर्षं मिळालेल्या कंपनीच्या शेअरांमुळे हे सर्रास दिसतं), त्यांना या तिघांतला हा प्रकार सर्वांत कामाचा वाटावा. अर्थात आपल्याच कंपनीचे शेअर असतील, तर इथेच थांबावं लागतं: सेबीच्या इनसायडर ट्रेडिंगच्या नियमांखाली येणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंपनीच्या शेअरवरच्या डेरिव्हेटिव्ह्जना सहसा मज्जाव असतो, आणि निकालाआधीचे आठवडे तर व्यवहाराची खिडकीच बंद असते.

इथवरचा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात आपल्या बाजारात चार जागी ठेच लागते.

पहिली ठेच लॉटची. कुटुंबाकडे ४०० ऐवजी १५० शेअर असते तर? एका लॉटचा कॉल विकला, तर १५० शेअरपुरता तो झाकलेला आणि उरलेल्या २५० पुरता उघडा. शेअर उसळला की त्या २५० शेअरवरच्या तोट्याला वरची मर्यादा नाही. ब्रोकरचं ॲप असा सौदा करू देतं. शेअर किती आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ‘आपल्याकडे शेअर आहेत, म्हणजे कव्हर्डच’ असं वाटून चूक होते ती इथे. पुटचं थोडं वेगळं: १५० शेअरवर ४०० चा पुट घेतला, तर तोटा प्रीमियमपुरताच राहतो, पण मग २५० शेअरपुरती ती पडझडीवर लावलेली पैजच असते. वेगवेगळ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर असतील, तर निफ्टीचा पुट घ्यावा असं सुचवलं जातं. सगळा बाजार कोसळण्याची भीती असेल, तर ते योग्यच आहे. पण १७ एप्रिल २०२३ ला निफ्टी अवघा ०.७ टक्का उतरला होता. त्या दिवशी निफ्टीच्या पुटने इन्फोसिसवाल्याच्या डोळ्यांतलं पाणीही पुसलं नसतं.

दुसरी ठेच मार्जिनची, आणि ही फक्त कॉल विकणाऱ्याला. शेअर डीमॅटमध्ये पडलेत, एवढ्याने कॉल विकता येत नाही. विकलेल्या कॉलसाठी ब्रोकर मार्जिन अडवतो, सौद्याच्या एकूण मूल्याच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास. वरच्या उदाहरणात सौदा साडेपाच लाखांचा, म्हणजे लाखभर रुपये. हेच शेअर ब्रोकरकडे तारण ठेवून मार्जिन मिळवता येतं, पण त्यांची पूर्ण किंमत धरली जात नाही, काही टक्के कापून धरतात. शिवाय नियमाप्रमाणे निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसमान असावं लागतं. २० रुपयांच्या प्रीमियमसाठी पन्नास हजारांची रोकड अडकून पडणार असेल, तर ‘भाड्या’चा हिशेब पुन्हा करायला हवा.

त्यात आणखी एक मेख आहे. शेअर वर जाऊ लागला की विकलेला कॉल महागतो आणि मार्जिन वाढतं. समोर शेअरचाही फायदा वाढलेला असतो, पण तो कागदावरचा. ब्रोकर जादा रक्कम मागतो ती आज, रोखीत. दिली नाही, तर तो कॉलची पोझिशन तोट्यात बंद करून टाकू शकतो. त्यानंतर शेअर परत खाली आला, तर कुटुंबाला दोन्हीकडून मार. कॉल विकताना येणाऱ्या प्रीमियमखेरीज थोडी रोकड वेगळी काढून ठेवायची ती यासाठी. पुट घेणाऱ्याला ही कटकट जवळजवळ नाही. त्याने पैसे आधीच मोजलेले असतात.

तिसरी ठेच मुदतीच्या आठवड्याची. २०१९ च्या ऑक्टोबरपासून सर्व शेअरच्या ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊनच होते. फरकाची रक्कम देऊन मोकळं होण्याचे दिवस गेले. मुदतीला शेअर १४४० च्या वर बंद झाला, तर कॉल विकणाऱ्याला ४०० शेअर द्यावेच लागतात. ते तारण असतील, तर वेळेत सोडवून घ्यायला हवेत. दिले गेले नाहीत, तर बाजार लिलावातून ते खरेदी करतो आणि भुर्दंड विकणाऱ्याच्या माथी येतो. पुट घेणाऱ्याचंही तसंच. शेअर १३४० च्या खाली बंद झाला, की पुट आपोआप वापरला जातो आणि शेअर १३४० ला जातात. शेअर ठेवायचे असतील, तर मुदतीआधीच पुट बाजारात विकून टाकावा. १७ एप्रिलला शेअर कोसळल्यावर पुट ८१ हून थोडा वरच विकला गेला असता. फायदा रोखीत हातात आणि शेअर जागच्या जागी. मुदतीची वाट पाहत बसण्याचं कारण नव्हतं. उलट फायद्यात असलेला पुट शेवटच्या चार दिवसांत धरून ठेवला, तर प्रत्यक्ष पूर्ततेसाठीचं मार्जिन रोज वाढत जातं. मुदतीची तारीखही तपासून घ्यावी: २०२३ मध्ये ती महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी असे, सप्टेंबर २०२५ पासून राष्ट्रीय शेअर बाजारात ती शेवटच्या मंगळवारी येते.

एक भीती मात्र मनातून काढून टाकायला हरकत नाही. कॉल घेणारा मधेच येऊन शेअर मागेल का? नाही. २०११ पासून आपल्याकडे शेअरचे ऑप्शन मुदतीच्या दिवशीच वापरता येतात. अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकांत लाभांशाच्या आदल्या दिवशी शेअर ओढून नेले जाण्याच्या कथा असतात. त्या तिथल्या नियमांच्या आहेत.

चौथी ठेच गिऱ्हाइकाची. तक्त्यावर तीन महिन्यांचे ऑप्शन दिसतात, पण खरा व्यवहार चालू महिन्याच्या, भावाजवळच्या स्ट्राइकमध्येच होतो. दूरच्या महिन्याच्या पुटला घेणारा १८ देतो आणि विकणारा २६ मागतो, असं चित्र सर्रास दिसतं. तिथे मार्केट ऑर्डर टाकली, तर घेतल्या घेतल्याच आठ रुपये गेले. घेणारा आणि विकणारा यांच्या भावांत किती अंतर आहे, हे ऑर्डरआधी पाहावं आणि लिमिट ऑर्डरच टाकावी. अंतर प्रीमियमच्या पाचव्या हिश्शाहून मोठं असेल, तर तो ऑप्शन आपल्यासाठी नाही, असं मी समजतो.

आणि कराचं काय? शेअरचा नफा-तोटा भांडवली नफ्याच्या खात्यात जातो आणि ऑप्शनचा व्यवसायाच्या उत्पन्नात. कॉल विकून मिळालेला प्रीमियम म्हणजे लाभांशासारखं हलकं उत्पन्न, असं समजू नये. पगारदार माणसालाही त्यासाठी व्यवसायाचं विवरणपत्र भरावं लागतं. कव्हर्ड कॉलमध्ये याहून मोठी अडचण जुन्या शेअरांची असते. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेले, बोनस मिळत मिळत जवळजवळ फुकटात पडलेले शेअर १४४० ला उचलले गेले, तर ती पूर्ण विक्री ठरते आणि जवळपास सगळी रक्कम नफा म्हणून करपात्र होते. ८००० च्या प्रीमियमपुढे तो कर कितीतरी मोठा निघतो. असे शेअर असतील, तर १४४० जवळ येताच कॉल तोट्यात का होईना, परत विकत घ्यायची तयारी हवी. ती नसेल, तर त्या शेअरवर कॉल विकूच नये.

या सगळ्यात एक साधा पर्याय कुणी मोजत नाही. १३ एप्रिलला कुटुंबाने ४०० पैकी २०० शेअर विकून टाकले असते, तर सोमवारचा तोटा २६,००० झाला असता, म्हणजे पुट घेतलेल्याच्या २८,००० पेक्षाही थोडा कमी. ना प्रीमियम, ना मार्जिन, ना मुदतीचा आठवडा. पण शेअर वर गेला असता, तर नफाही निम्माच मिळाला असता, आणि विकलेल्या शेअरांवर कर लागला असता तो वेगळा. शेअर आणखी खाली गेला असता, तर तोटाही वाढत राहिला असता. पुटवाल्याचा २८,००० वर थांबतो. तेव्हा पुटसाठी ८४०० मोजायचे की नाहीत, याचं उत्तर शेअर जुने आहेत की नवे, कर किती बसेल आणि भीती दहा टक्क्यांची आहे की तीस टक्क्यांची, यावर अवलंबून राहतं. दहा टक्क्यांची असेल आणि शेअर अलीकडे घेतलेले असतील, तर मी त्या कुटुंबाला थोडे शेअर विकायलाच सांगेन. तीस टक्क्यांची असेल, तर पुट. आणि पुटचे पैसे जिवावर येत असतील, तर कॉलर. नुसता कॉल विकायला सांगेन तो शेअर ज्याला १४४० ला मनापासून विकायचा आहे त्याला, आणि ज्याच्याकडे पूर्ण लॉट आहे त्यालाच.